आलोशियस अंकलची घाणी आणि न गोठलेलं तेल

शपथ घ्यायची वेळ आली की कोणी देवाची घेतो, कोणी आईची. आलोशियस अंकल खोबरेलाची घ्यायचे. घाणीवर नवं गिऱ्हाईक आलं की पोटावरचा सदरा खाली ओढून ते एकच भाषण ठोकायचे: "थंडीत गोठलं तर ते माझं तेल. नाही गोठलं तर आणून माझ्या दारात ओता. त्या दिवशी घाणीला कुलूप!" जुन्या गिऱ्हाइकांना हे इतकं पाठ झालं होतं की शेवटचं कुलूप तेच लावून टाकायचे.

मी गिरीज गावात राहायला आले ती एक्क्याण्णव साली, लग्न होऊन. मी रत्नागिरीकडची. नारळाच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पहिल्याच हिवाळ्यात माहेरून आलेल्या खोबऱ्याच्या वाट्या पिशवीत भरून मी ऐटीत घाणीवर गेले. अंकलनी एक वाटी उचलली, मोडली, कानाशी नेली आणि परत पिशवीत टाकली. "ओलं आहे. न्या परत."

"ओलं? गच्चीत वाळवलंय मी!"

"गच्चीत वाळवलंत, पण वाळलं नाही. मोडताना आवाज आला पाहिजे. हे रुमालासारखं वाकतं. याचं तेल काढलं तर महिन्यात वास मारेल, आणि नाव कोणाचं जाईल? तुमचं? माझं जाईल."

मी तणतणत परत आले. चार दिवस आणखी उन्हात घातलं आणि मग मोडून पाहिलं, तर काटकी मोडल्यासारखा आवाज आला. माणूस बरोबर होता, हे मला कबूल करावं लागलं. ते मी त्यांच्या तोंडावर कधीच कबूल केलं नाही, ही गोष्ट वेगळी.

घाणी त्यांच्या वडिलांची. वडिलांच्या काळात बैल फिरायचा, अंकलनी मोटार बसवली. मधली काही वर्षं ते मुंबईत कापडगिरणीत होते, संप झाला आणि घरी आले. "बरं झालं," असं ते म्हणायचे, "तिथे मी दुसऱ्याचं यंत्र फिरवायचो, आता माझं मला फिरवतं." वय साठीच्या पुढे, डोक्यावर काळेभोर केस, आणि त्या केसांचं श्रेय अर्थातच घाणीला. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, ते गायन मंडळात उभे राहायचे. आवाज मोठा होता, इतकंच त्याच्याबद्दल चांगलं सांगता येईल. घरात त्यांची बोली वेगळीच, जलद बोलले तर माझ्या डोक्यावरून जाणारी. माझ्याशी मात्र ते शाळेतली मराठी बोलायचे आणि मध्येच रागावले की घरची बोलायचे. त्यामुळे ते कधी रागावले हे मला शब्द न कळताही कळायचं.

आमच्याकडची रीत अशी की दुकानातून आणावं तसं तेल घाणीवरून विकत आणत नाहीत. ज्याच्या वाडीतले नारळ, त्याचंच तेल. पाऊस संपला की नारळ फोडायचे, वाट्या वाळवायच्या आणि नाताळच्या आधी घाणीवर न्यायच्या. आपल्या वाट्यांचं तेल आपल्यासमोर काढून घ्यायचं, पेंडही घरी न्यायची. एकाच्या खोबऱ्यात दुसऱ्याचं कधी मिसळायचं नाही. म्हणून तेलाचा डबा म्हणजे नुसतं तेल नसतं, त्या घराच्या झाडांची वर्षाची कमाई असते. लग्न होऊन गेलेल्या मुलींनाही त्यातला वाटा जातो. आमच्या शेजारच्या ग्रेसी आणि तिची धाकटी बहीण लिडिया यांच्यातही तसंच होतं. आई असेपर्यंत डबा आई वाटायची. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत आई गेली. भाऊ नव्हता, म्हणून ग्रेसी नवरा फ्रेडरिकसह आईच्याच घरात राहत होती. लिडिया लग्नानंतर विरारला, बोळिंजच्या नव्या इमारतीत गेली होती. आई गेल्यानंतरचं ते पहिलं तेल होतं आणि वाटायची पाळी ग्रेसीवर आली.

त्या वर्षी ग्रेसीने डिसेंबरच्या सुरुवातीलाच तेल काढून आणलं. मी सोबत होते, कारण माझंही तेव्हाच काढलं. घाणीतून निघताना ते कोमट आणि पिवळसर होतं, वास घरभर भरला. ग्रेसीने डबा मागच्या खोलीत ठेवला. ती खोली उत्तरेची, उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही. नाताळ झाला, नवीन वर्ष झालं. थंडी होती, पण कडाक्याची नव्हती. डबा अर्धामुर्धा गोठत राहिला. तळाला आणि कडांना पांढरं, दाणेदार, आणि मध्ये वर नितळ तेल. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, लिडिया माहेरी आली तेव्हा ग्रेसीने तिला तेल द्यायला काढलं.

आता इथे जे झालं ते कोणत्याही बाईच्या हातून झालं असतं. लिडियाने प्लास्टिकचा कॅन आणला होता, अरुंद तोंडाचा. त्यात गोठलेलं तेल जाणार कसं? डबा चुलीवर ठेवून वितळवायला वेळ होता कुठे, रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. ग्रेसीने डबा तिरपा केला, कॅनच्या तोंडावर फडकं धरलं आणि वरचं नितळ तेल ओतून दिलं. अगदी निम्म्याच्याही थोडं वर. घट्ट गोळे स्वतःला ठेवले. तिच्या मनात हेच की, बहिणीला स्वच्छ, लगेच वापरता येईल असं तेल जावं, गोळे काय, आपण घरात बसून उकरू. लिडियाही खूश होऊन गेली.

मग जानेवारीच्या मध्यावर थंडी वाढली. बोळिंजच्या इमारतीत लिडियाने आधीच सांगून ठेवलं होतं की आमच्या गावचं तेल कसं, अगदी दगडासारखं गोठतं. तिथे शेजारीण हंसाबेन. त्यांनी आपली दुकानातून आणलेली बाटली आणि लिडियाची बाटली एकाच खिडकीत शेजारी ठेवली. सकाळी दुकानची बाटली पांढरीशुभ्र, उलटी केली तरी थेंब पडेना. लिडियाची नितळ, तळाशी जरासा धुरकटपणा, बस. हंसाबेन भल्या बाई. त्या म्हणाल्या, "तमारी खिडकीला थंडी कमी आली असेल." एकाच खिडकीत! याहून मोठा अपमान कोणी ठरवून केला नसता.

लिडिया पहिल्या गाडीने गिरीजला आली. आली ती ग्रेसीच्या मागच्या खोलीत शिरली आणि डब्यात चमचा घातला. चमचा वाकला. ग्रेसीचं तेल पार दगड झालं होतं.

पुढचं मी कुंपणापलीकडून ऐकलं. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. लिडिया म्हणत होती की, खरं तेल स्वतःला ठेवलंस आणि मला भेसळीचं दिलंस. ग्रेसी म्हणत होती, तुला वेड लागलंय. मग आई मध्ये आली, म्हणजे आईचं नाव आलं, आणि दोघींचे आवाज असे चढले की फ्रेडरिक बाहेर ओट्यावर येऊन उभा राहिला. फ्रेडरिक साबणाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होता, शांत माणूस. तो आत जाऊन म्हणाला, "अगं, तेल म्हणजे एक पदार्थ नसतो, त्यात बऱ्याच चरब्या मिसळलेल्या असतात. वरचं ओतून घेतलं तर ते वेगळं वागणारच."

"तुम्ही तसंच बोलणार," लिडिया म्हणाली. "तुम्ही तिचे नवरे."

यावर कोणता शास्त्रज्ञ काय बोलेल? फ्रेडरिक पुन्हा ओट्यावर आला.

लिडिया कॅन घेऊन तडक घाणीवर निघाली आणि मी तिच्या मागोमाग. मला पेंड आणायची होती, असं मी घरी सांगितलं. घाणीवर अंकल मोटारीला वंगण घालत होते. लिडियाने कॅन त्यांच्या पायाशी ठेवला.

"अंकल, हे तुमच्या घाणीचं तेल. गोठत नाही. ग्रेसीकडचं दगड झालंय. एकाच दिवशी, एकाच खोबऱ्याचं. आता तुम्हीच सांगा, तुमची घाणी खोटी की माझी बहीण खोटी?"

अंकलनी हात पुसले. कॅनमध्ये बोट घातलं, जिभेला लावलं, तळहातावर चोळून वास घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आयुष्यभर ज्या वाक्यावर त्यांनी घाणी चालवली, तेच वाक्य त्यांच्या पायाशी कॅनमध्ये भरून आलं होतं. तेल शुद्ध आहे म्हणावं तर ते गोठत का नाही, म्हणजे वाटेत ग्रेसीने काहीतरी केलं. ग्रेसीने काही केलं नाही म्हणावं, तर तेलच खोटं. आणि दोघींच्या आईला ते लहानपणापासून ओळखत होते. एकाच शाळेत शिकलेली, एकाच चर्चमध्ये प्रथम कम्युनियन घेतलेली माणसं ती.

"माझी चूक," ते म्हणाले. "आधी दुसऱ्याचं तिळाचं तेल काढलं होतं, ते गोठत नाही. घाणी नीट पुसली नसेल. त्यातलं थोडं तुमच्यात आलं असेल."

हे खोटं होतं. तेल काढलं त्या दिवशी पहिला नंबर ग्रेसीचा होता आणि त्याआधी घाणी त्यांनी माझ्यासमोर फडक्याने पुसली होती. तीळ तर त्या आठवड्यात घाणीवर आलेच नव्हते.

लिडिया काही लेचीपेची नाही. ती म्हणाली, "मग ग्रेसीचं कसं गोठलं? तीळ काय फक्त माझ्याच वाट्याला आले?"

अंकल पुन्हा हात पुसायला लागले. लिडिया म्हणाली, "तुम्ही तिला वाचवताय. म्हणजे मला जे कळायचं ते कळलं. फेब्रुवारीत आईच्या वर्षाची मिस्सा आहे. मी आमच्या चर्चमध्ये वेगळी सांगेन. तिच्या बाकावर मी बसणार नाही." कॅन तिथेच टाकून ती निघून गेली.

ती गेल्यावर मी अंकलवर उसळले. "काय हो हे? स्वतःच्या घाणीवर खोटा आळ घेतलात? उद्या गावभर होईल!"

"होऊ दे," ते म्हणाले. "घाणी बदनाम झाली तर पुन्हा उभी करता येईल. आई गेल्यावर ह्या दोघींना एकमेकींशिवाय आहे कोण?" आणि मग रागाने, घरच्या बोलीत, ते आणखी बरंच काही म्हणाले. ते मला कळलं नाही, पण ते स्वतःवरच रागावले होते एवढं कळलं. मोटार बंद करून त्यांनी खरोखर घाणीला कुलूप लावलं. मला त्या माणसाबद्दल तेव्हा जी माया वाटली ती मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले. घाणी बंद, त्यामुळे करायला काही नव्हतं, आणि घरी त्यांची बायको अँजेलिना आंटी त्यांना निवांत बसू देत नव्हत्या. दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, कुलूप कधी काढणार. मी चहा टाकला. मी डाळीला फोडणी देणार होते म्हणून तुपाची बरणी ओट्यावर होती. घरचं कढवलेलं तूप, थंडीत रवाळ झालेलं, खाली दाणे आणि वर पिवळं पातळ. मी चमच्याने वरचं पातळ बाजूला करून खालचं रवाळ काढत होते, कारण आमच्या घरात वरणावर रवाळच लागतं.

अंकल बघत होते. "हे वरचं पातळ आहे ते कधी गोठतं?"

"कडक थंडी पडली तर. एरवी ते असंच तरंगतं."

"आणि ते वेगळं काढून ठेवलं तर?"

"वेगळं काढलं तरी पातळच राहतं. सासूबाई ते पोळ्यांना वापरायच्या, आणि रवाळ सणाला."

"म्हणजे एकाच तुपाची दोन तुपं," अंकल म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच राहिला. मी रत्नागिरीची, इतकी वर्षं रोज ते तूप बघत होते, पण खोबरेलाशी त्याचा संबंध कधी लावला नव्हता. लावायचं कारणही नव्हतं. घरात तेल गोठलं की आम्ही डबाच उन्हात ठेवतो आणि सगळं एकदम ओततो.

ते थेट फ्रेडरिककडे गेले. लिडियाने उडवून लावलेलं बोलणं त्यांनी पुन्हा, नीट बसून ऐकून घेतलं. मीही होते. फ्रेडरिक म्हणाला, "बर्फाचं बघा. पाणी म्हणजे एकच पदार्थ. बर्फ शून्य अंशाला वितळायला लागतो आणि सगळा वितळेपर्यंत तिथेच अडून बसतो. खोबरेल तसं नाही. त्यात बऱ्याच जातींच्या चरब्या. काही गारव्यातही पातळ राहणाऱ्या, काही जरा थंडी पडली की बसणाऱ्या. त्यामुळे अमक्या अंशाला गोठलं आणि तमक्याला वितळलं, असं एकच टोक नसतं. आधी मऊ होतं, मग कडेला तेल सुटतं, मग शेवटचे दाणे जातात. आणि हळूहळू गोठत असेल, तर आधी जे घट्ट बसतं त्यात घट्ट होणाऱ्यांचा भरणा जास्त, वर जे उरतं त्यात पातळ राहणाऱ्यांचा. ग्रेसीने वरचं ओतलं म्हणजे नकळत तिने तेलाची वाटणी नाही केली, निवड केली."

"मिस्सा सुटल्यावर जशी पोरं आधी बाहेर आणि म्हाताऱ्या शेवटी," अंकल म्हणाले.

"तसंच. आणि दारातच दोन गट केले, तर एका गटात सगळी पोरं आणि दुसऱ्यात म्हाताऱ्या."

"हे लिडियाला सांग ना."

"सांगितलं. मी ग्रेसीचा नवरा निघालो."

तेव्हा अंकलच्या डोळ्यांत मी पुन्हा पूर्वीची चमक पाहिली. सांगून पटणार नाही हे त्यांना कळलं होतं, कारण लिडियाला सांगणारे सगळे कोणाचे ना कोणाचे होते. मग दाखवायचं. त्यांच्या घरी आपल्याच वाडीतल्या खोबऱ्याचे दोन डबे होते. दोन्ही ग्रेसीच्या डब्याच्याच आठवड्यातले, मागच्या पडवीत चुलीच्या उबेजवळ तसेच अर्धे गोठलेले, कोणी हात न लावलेले. त्यांनी एक तिरपा केला, वरचं नितळ एका बाटलीत घेतलं. तळचं घट्ट चमच्याने उकरून दुसऱ्या बाटलीत भरलं. दोन्ही बाटल्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून दोन्हींतलं तेल साफ नितळ होईपर्यंत थांबले, म्हणजे कोणाला काही म्हणायला जागा राहायला नको. आता पाहिलं तर दोन्ही सारखीच. मी त्यांना गमतीने विचारलं, "आता सांगा, तुमचं कुठलं?" त्यांनी रागाने पाहिलं. मग बाटल्या पडवीच्या खिडकीत शेजारी ठेवल्या.

सकाळी त्यांनी मला कुंपणातून हाक मारली ती साऱ्या गावाने ऐकली असेल. गेले. उकरलेल्या तेलाची बाटली खडूसारखी पांढरी होती. वरच्या तेलाची नितळ, तळाशी थोडे कापसासारखे तंतू. त्यांच्या स्वतःच्या झाडांच्या, स्वतःच्या घाणीच्या एकाच डब्यातून, स्वतःच्या हातांनी काढलेल्या दोन बाटल्या. आणि अंकल, साठी ओलांडलेला माणूस, पडवीत नाचत होते. अँजेलिना आंटी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "चहा तरी घेतला का आधी?"

लिडियाला बोलवायचं काम माझ्याकडे आलं. मी काही गोड बोलले नाही. फोनवर सांगितलं की तुझ्या अंकलनी स्वतःच्या तेलावर तू केलीस तीच तपासणी केली आहे, बघायची हिंमत असेल तर ये. ती रविवारी मिस्सा झाल्यावर आली. ग्रेसी आधीच आली होती, डबा घेऊन. दोघी पडवीच्या दोन टोकांना बसल्या.

अंकलनी काही भाषण दिलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्यांनी लिडियासमोर आपला डबा आणला, तिलाच तिरपा करायला सांगितला, तिलाच दोन नव्या बाटल्या भरायला लावल्या. त्या तिने आपल्या घरी नेल्या, बोळिंजला, हंसाबेनच्या खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला तो फक्त एवढाच: "अंकल, वरचं नाही गोठलं." मग, "उद्या येते."

ती आली तेव्हा चुलीवर पाणी तापत होतं आणि त्यात मोठं पितळी पातेलं ठेवलं होतं. अंकल म्हणाले, "आता एकच राहिलं. तुझा कॅन आणि ग्रेसीचा डबा परत एकत्र करायचा. एकत्र केल्यावर मूळच्या तेलासारखं गोठलं पाहिजे. गोठलं नाही, तर माझं आणि फ्रेडरिकचं दोघांचं चुकलं."

अंकलनी घाणीवरून आणून दिलेला कॅन लिडियाने घट्ट धरला होता. मला तिची भीती कळत होती. चुकून तिच्या तेलात खरंच काही असेल, तर ग्रेसीचंही तेल बिघडणार. आणि तसं नसेल, तर आजवर बोललेलं सगळं तिच्याच अंगावर येणार. दोन्हीकडून भीतीच. ग्रेसी उठली. तिने आपल्या डब्यातले ते दगडासारखे गोळे उकरून पातेल्यात टाकायला सुरुवात केली, शेवटचा चमचा निरपून. मग रिकामा डबा बाजूला ठेवून बहिणीकडे पाहिलं.

लिडियाने कॅन ओतला. ओतताना ती रडत होती, आणि ग्रेसी तिला म्हणाली, "हळू, बाहेर सांडेल." बस, एवढंच.

गोळे वितळायला वेळ लागला. आधी कडा ओघळल्या, मग मधले तुकडे मऊ होऊन तरंगत फिरले, शेवटचे चार दाणे तर किती वेळ टिकून राहिले. ते वितळेपर्यंत दोघी पातेल्यावर वाकून होत्या आणि मी मागे उभी राहून, खरं सांगते, डोळे पुसत होते. सगळं ढवळून अंकलनी त्यातली एक बाटली खिडकीत ठेवली, शेजारी आपल्या दुसऱ्या, न हाताळलेल्या डब्यातली वितळवून नीट ढवळलेली एक. दुसऱ्या सकाळी दोन्ही बाटल्या सारख्याच पांढऱ्या. बोटाने दाबून पाहिलं, दोन्हींत बोट सारखंच अडलं.

घाणीचं कुलूप त्याच दिवशी निघालं. भाषण मात्र बदललं. आता ते म्हणायचे, "थंडीत गोठलं तर माझं. पण गोठायला लागल्यावर वरचं ओतून घेऊ नका, सगळं वितळवा, ढवळा, मग घ्या, आणि मग नाही गोठलं तर…" इथवर येईपर्यंत गिऱ्हाईक पिशवी उचलून निघालेलं असायचं. फेब्रुवारीत मिस्सेला दोघी एकाच बाकावर होत्या. अंकल गायन मंडळात नेहमीपेक्षा मोठ्याने गायले आणि त्या दिवशी मला त्याचा त्रास झाला नाही.

दोघींच्या तेलाची वाटणी मात्र कुलूप निघालं त्याच दिवशी व्हायची होती. पातेल्यातलं तेल पुन्हा वितळवून ग्रेसीने कॅनवर फनेल ठेवला आणि निम्मं मोजायला निघाली. लिडियाने फनेल काढून घेतला. "सगळं तुझ्याच डब्यात ठेव," ती म्हणाली. "मला लागेल तसं मी येऊन नेईन. एक बाटली पुरते."

"वितळवून न्यायचं हं, सगळं वितळवून!" अंकल ओरडले.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात लिडिया रविवारी मिस्सेनंतर माहेरी येते. आल्या आल्या ग्रेसी डबा उन्हात काढते. तो एकदम वितळत नाही, हे आता दोघींनाही माहीत आहे. शेवटचा दाणा जाईपर्यंत दुपार होते, आणि दुपार झाली की जेवल्याशिवाय कोणी कोणाला जाऊ देत नाही.